मागे कुणी नाही, तरी पीं पीं!

पुरे झालं आता! रिव्हर्स टाकला की गाडीचा पार्किंग सेन्सर पीं पीं पीं. मागे भिंत नाही, माणूस नाही, मांजरसुद्धा नाही, तरी पीं पीं! रोज रात्री सोसायटीत दोन खांबांमधून गाडी आत घालायची आणि हा सेन्सर पहिल्या फुटापासून ठणाणा करणार. मग खरंच थांबायचं कधी, हे कळणार कसं?

दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळ्यांचे असेच वाजतात." का वाजावेत? काल मोकळ्या सपाट मैदानात रिव्हर्स टाकून पाहिला. मागे काहीच नाही, तरी डिस्प्लेवर ०.७ मीटर! म्हणजे तो चक्क जमीन बघतोय. डावा सेन्सर बंपरमधून काढला, तर मागचा ‘अप’ लिहिलेला बाण खाली. उलटा बसवलेला! सुलटा केला, आणि मैदानात एकदम शांतता. एवढं बघायला बसवणाऱ्याला काय झालं होतं?

इशारा दीड मीटरपासून सुरू व्हायचा. अरुंद पार्किंगमध्ये तो कशाला हवा? माझ्या किटमध्ये सोय होती, ०.९ वर आणला. सलग आवाजाची ३० सेंटीमीटरची हद्द मात्र अजिबात हलवली नाही, कारण फार जवळचं या सेन्सरला नीट दिसतच नाही. बझरची कळ ‘लो’वर केली. वैतागून ती ‘ऑफ’ करणाऱ्यांनो, मागे लहान मूल आलं तर?