आमचे येथे श्रीसिद्धेश्वरकृपेने स्थलांतर

ऑफिस हलवायचं ठरलं तेव्हा सामान कोण उचलणार याची चर्चा झाली, वास्तुशांतीची झाली, नव्या जागेत एसी कुणाच्या डोक्यावर येणार याचीही झाली. पत्ता बदलल्याचं कळवणाऱ्या पत्राचा विषय निघाल्यावर मालक फक्त एवढंच म्हणाले, "ते तू लिही की. दोन ओळींचं काम आहे."

आमचं सुताचं होलसेल. कोइंबतूरकडच्या मिलमधून सूत यायचं, साखर पेठेतल्या गोडाउनात उतरायचं आणि तिथून टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना जायचं. आता ऑफिस आणि गोडाउन दोन्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाणार होतं. हिशेब मी बघतो, त्यामुळे लिहिण्याचं जे जे काम निघेल ते माझ्याच टेबलावर येतं.

पहिला मसुदा खुद्द मालकांनी सांगितला. सुरुवात "आमचे येथे श्रीसिद्धेश्वरकृपेने" अशी, मग आनंद होतो, मग अगत्य येण्याचे करावे, खाली घरातल्या सगळ्यांची नावं. लग्नपत्रिकेत आणि त्यात फरक इतकाच होता, की मुहूर्त गोडाउनचा होता. पत्ता शेवटच्या ओळीत आणि तारीख 14 जानेवारी.

"मालक, 14 ला संक्रांत आहे."

"म्हणूनच की बे. चांगला दिवस आहे."

14 जानेवारीला सोलापुरात चांगला दिवस असतो यात वादच नाही. पण त्या आठवड्यात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम, दारूकाम, आणि जुन्या शहरातून निघालेले उंच नंदीध्वज. रस्ते माणसांनी भरलेले असतात. अशा गर्दीतून सुताच्या गोण्यांचा टेम्पो काढायचा तर तो नंदीध्वजांच्या मागेच लावावा लागेल, असं मी सुचवलं. मालक क्षणभर त्या कल्पनेवर विचार करताना दिसले, तेव्हा मी घाईघाईने 18 आणि 19 या तारखा पुढे केल्या.

तारीख ठरली, मग खरं भांडण सुरू झालं. मी लिहिलं, "18 व 19 जानेवारी या दोन दिवशी मालाची उचल व पोच बंद राहील." मालकांनी ती ओळ वाचली आणि पेन उघडलं.

"बंद म्हणून लिहू नको. बंद म्हणलं की गिऱ्हाईक दुसरीकडं जातंय. लिही, आमची सेवा अखंड चालू राहील."

"पण दोन दिवस काटाच हलवणार आपण. माल मोजणार कशावर?"

"ते त्यांना कशाला सांगायचं?"

हे मला कधी पटलं नाही. अखंड सेवेची ओळ छापली की वाचणारा ती खरी धरतो आणि नेमका 18 ला टेम्पो पाठवतो. रिकाम्या गोडाउनपुढे उभ्या राहिलेल्या टेम्पोवाल्याला तुम्ही अखंड काय दाखवणार? शेवटी तडजोड झाली. पत्रात आलं, "18 व 19 रोजी फोनवर ऑर्डर घेतल्या जातील, माल 20 पासून नव्या गोडाउनातून मिळेल. त्या दोन दिवसांना पुरेल इतकं सूत 17 पर्यंत उचलून ठेवावं." यात सेवाही होती आणि खरंही होतं. मालकांना त्यातला 'उचलून ठेवावं' हा भाग विशेष आवडला, कारण त्या आठवड्यात खप वाढणार होता.

गिऱ्हाइकांचं पत्र इथवर सोपं. सूत पाठवणाऱ्या मिलचं पत्र मात्र वेगळंच लिहावं लागतं, हे मालकांना पटवताना चहाचे बरेच कप गेले. त्यांचं म्हणणं, पत्ता एकच, मग पत्रं दोन कशाला? पण आपली तारीख आणि त्यांची तारीख एक नसते. आपण म्हणतो, 18 ला हलणार. त्यांच्याकडची गाडी सोलापूरला यायला तीन दिवस घेते. 17 ला जुन्या पत्त्याचं बिल लावून निघालेली गाडी 20 ला साखर पेठेत येऊन बंद शटरला हॉर्न वाजवणार.

त्यात ई-वे बिल. गाडीबरोबर जो कागद निघतो, त्यावर माल कुठं पोचायचा ते लिहिलेलं असतं, आणि एकदा बिल काढलं की तो पत्ता दुरुस्त करता येत नाही. गाडीचा नंबर बदलता येतो, ठिकाण नाही. चुकलं तर बिल रद्द करायचं आणि नवं काढायचं, तेही चोवीस तासांत आणि वाटेत कुणी तपासलं नसेल तरच. म्हणजे मिलवाल्याला आपण हलण्याची तारीख सांगून उपयोग नाही, त्याने बिल काढण्याची तारीख सांगावी लागते.

मी कॅलेंडर घेऊन बसलो. 13 ते 16 यात्रा, त्या दिवसांत साखर पेठेत मोठी गाडी आणणं नकोच. म्हणून 9 तारखेपर्यंत ज्याचं बिल होईल तो माल जुन्या पत्त्यावर, म्हणजे 12 पर्यंत उतरून मोकळे. पुढचं सगळं बिल नव्या पत्त्याचं, आणि ते 17 च्या आधी काढू नये. मधल्या आठवडाभर मिलवाले रागावतील अशी धास्ती होती. पण तिकडे त्याच दिवसांत पोंगल. मिलच बंद. आमचा गड्डा आणि त्यांचा पोंगल यांनी मिळून माझा प्रश्न सोडवला, ज्याचं श्रेय मालकांनी आपल्या मुहूर्ताला दिलं.

आता इथे एक खाचखळगा आहे, तो मला आमच्या कर सल्लागारांनी दाखवला. मिलच्या कारकुनाने ई-वे बिलात आमचा जीएसटी नंबर टाकला की पोर्टल पत्ता आपोआप भरतं, आणि तो नोंदणीतला, म्हणजे जुना. मुख्य पत्ता बदलला की पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो, आणि तो मंजूर व्हायला पुढे आणखी दिवस जातात. तेवढ्या दिवसांत पोर्टल जुनंच गोडाउन दाखवत राहणार. त्यांनी युक्ती सांगितली: हलण्याच्या बऱ्याच आधी नवी जागा 'अतिरिक्त जागा' म्हणून नोंदवून घ्या. भाडेकरार, लाइट बिल लावा. ती मंजूर झाली की दोन्ही पत्ते कायदेशीर, मग निवांतपणे मुख्य पत्ता बदला. आम्ही डिसेंबरातच अर्ज केला. म्हणून पत्रात मला ठणकावून लिहिता आलं, की जीएसटी नंबर तोच आहे, फक्त माल पोचवण्याच्या पत्त्यात नवा पत्ता हाताने भरावा.

सोबत आणखी एक ओळ टाकली: "आमचं बँक खातं बदललेलं नाही. बदललं असं कुणी कळवलं तर पैसे न पाठवता जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी." आजकाल पत्ता बदलल्याच्या पत्राआडून खातं बदलल्याची खोटी पत्रंही फिरतात. मालकांना ही ओळ फार गंभीर वाटली. छापल्यानंतर दोन-तीन मोठ्या टॉवेल कारखान्यांच्या अकाउंटंटनी आपण होऊन फोन केले आणि "ही ओळ टाकली ते बरं केलं" म्हणाले. मालकांनी लगेच सांगितलं, की ओळ त्यांचीच होती.

पत्रं गेली. काही दिवस फोन वाजत राहिला. लोक पत्र वाचत नाहीत, पत्रावरचा फोन नंबर वाचतात, हे मला तेव्हा कळलं. "पत्र मिळालं बघा. नवीन पत्ता काय?" असं विचारणारे भेटले. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "चेक आता कुठं पाठवायचा? पत्ता नक्की होऊ दे, मग पाठवतो." मागच्या दिवाळीपासून तो पत्ता नक्की होण्याचीच वाट बघत होता, असं दिसलं.

पण खरा घोटाळा पत्रामुळे झालाच नाही. तो झाला मालकांच्या हौसेमुळे. त्यांनी आपल्या मोबाइलवरून फुलांची कमान असलेलं एक चित्र सगळ्यांना पाठवलं होतं. वर श्री गणेशाय नमः, मध्ये मालकांचा फोटो, खाली नवा पत्ता: "एमआयडीसी, सोलापूर." रस्ता नाही, प्लॉट नाही, पिनकोड नाही. सोलापुरात एमआयडीसी म्हटलं की अक्कलकोट रोडही येतो आणि पुणे रोडवरची चिंचोलीही. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना.

20 ला सकाळी एका ड्रायव्हरचा फोन आला. हिंदी अर्धी, तमिळ अर्धी. "साब, चिंचोली आ गया. आपका गोडाउन किधर?" मिलमधल्या कुणीतरी माझं सविस्तर पत्र बाजूला ठेवून फुलांची कमान समोर घेतली होती आणि पिनकोड शोधून काढून चिंचोलीचा भरला होता. बिल काढून चोवीस तास केव्हाच उलटले होते. बिलावर ठिकाण चिंचोली आणि गोडाउन दुसऱ्या टोकाला. वाटेत कुणी अडवलं असतं तर दंडाचा वाद उभा राहिला असता. मी मोटारसायकल काढली, ड्रायव्हरच्या हातात आमच्या पत्राची प्रत, नोंदणीत नवी जागा दाखवणारा कागद आणि मिलने त्याच सकाळी पाठवलेला खुलासा दिला, आणि दिवसा जड गाड्यांना जे रस्ते बंद असतात ते टाळून लांबच्या वाटेने त्याला आणलं. कुणी अडवलं नाही. गोण्या उतरल्या. मालकांनी ड्रायव्हरला शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाऊ घातली आणि मला म्हणाले, "बघ, सेवा अखंड राहिली का नाही?"

मी काही बोललो नाही, कारण तेवढ्यात फोन वाजला. चेकवाल्याचाच.

"काय अण्णा, गेलाव म्हणे नव्या जागेत? अभिनंदन! तुमचे मालक सांगत होते, सेवा अखंड राहणार म्हणून."

"होय शेठ, राहणार."

"मग आमची उधारीपण अखंडच धरू ना?"