४५ शब्दांतले ९

(सूनबाईला विचारून लिहितेय. नावं टाळली आहेत.)

गेल्या वर्षी बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या चुलत बहिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. तिचा २३ महिन्यांचा नातू जेवत होता. म्हणजे पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, त्यावर इंग्रजी बालगीत, आणि सूनबाई शेजारी बसून वरणभाताचे घास भरवतेय. घास जवळ आला की तोंड उघडायचं, डोळे मात्र जागचे हलायचे नाहीत. पाऊण तास मी बघत होते. तेवढ्या वेळात त्याच्याशी कुणी काय बोललं? "आ कर, आ." बस्स.

मी स्पीच थेरपिस्ट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. निघताना सूनबाईने जिन्यात गाठलंच. "मावशी, हा अजून नीट बोलत नाही हो. आम्ही मराठी बोलतो, सांभाळायला येतात त्या बेन गुजराती बोलतात, मोबाइलवर इंग्रजी. तीन भाषांनी गोंधळला असेल का?"

बडोद्यात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की तो आधीच निकालात काढते. घरात दोन-तीन भाषा आहेत म्हणून मूल उशिरा बोलायला लागत नाही. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. आणि मोबाइलवरच्या इंग्रजीला मी या मुलाची तिसरी भाषा म्हणणारच नाही, कारण त्या भाषेत त्याच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

तिला म्हटलं, त्याला येणाऱ्या शब्दांची यादी कर. तिने ४५ लिहून आणले. तिला हायसं वाटलं होतं, कारण दोन वर्षांच्या सुमारास साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं, "बाबा गेले", "अजून दूध" असं, अपेक्षित असतं हे तिने कुठेतरी वाचलं होतं. मग आम्ही दोघी पेन्सिल घेऊन बसलो. माझी अट एकच होती: शब्द त्याने स्वतःहून, कुणी "म्हण, म्हण" न म्हणता, त्याच वस्तूसाठी किंवा कामासाठी वापरला पाहिजे. उच्चार कसाही चालेल. रंगांची नावं गेली, कारण ती गाणं लागलं तरच यायची. एक ते दहा गेले. ए, बी, सी गेलं. प्राण्यांचे आवाज बरेचसे गेले. उरले ९: आई, बाबा, बेन, मम्, भूभू, गेलं, नको, टाटा आणि गुजराती "आपो". द्या म्हणायला त्याच्याकडे शब्द होता तो बेनकडून आलेला, कारण दिवसभर त्याच्याशी खरा देवघेवीचा व्यवहार बेन करत होत्या.

मला या सगळ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याला पर्पल म्हणता येत होतं आणि पाणी मागता येत नव्हतं.

बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांचा २००३ सालचा एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून पुस्तकं दाखवली, खेळणी हलवली, गप्पा मारल्या. प्रत्येकी २५ मिनिटांची १२ सत्रं झाली. चिनीतले काही आवाज बाळं वेगळे ओळखायला शिकली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तीच खेळणी, पण टीव्हीवर. ती बाळं काहीच शिकली नाहीत. टीव्हीवरचं माणूस बाळ हसलं म्हणून थांबत नाही आणि बाळ ज्याच्याकडे बघतंय त्याचं नाव घेत नाही.

म्हणूनच पुण्याच्या आजीचा व्हिडिओ कॉल मी स्क्रीनच्या हिशोबात धरत नाही. ती विचारते, थांबते, उत्तर देते. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको म्हणणारे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलची सूट देतात.

आता "मोबाइलमुळेच" का? इथे मी जपून बोलते. २०२४ साली ऑस्ट्रेलियात मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून घरातला दिवस ऐकला गेला. मुलं तीन वर्षांची असताना स्क्रीनच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे साधारण सात शब्द कमी आणि संवादाची एक फेरी कमी अशी नोंद झाली. पण हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. न बोलणाऱ्या, चिडणाऱ्या मुलाच्याच हातात मोबाइल जास्त दिला जातो, असं उलटंही घडतं. उशिरा बोलणारी काही मुलं आपली आपण गाडी पकडतात. त्यामुळे "मोबाइल बंद केला आणि पंधरा दिवसांत पोरगं पोपटासारखं बोललं" अशा पोस्टी बघितल्या की मला राग येतो. त्या वाचून लोक कान तपासायचे राहून जातात.

तपासणी आधी कानांचीच, मूल दारावरच्या बेलला वळत असलं तरीही. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं तर मोठे आवाज ऐकू येतात, बोलणं मात्र पुसट येतं. याचे कान ठीक निघाले. दुसरं म्हणजे तो गच्चीवरचा कावळा बोटाने दाखवायचा आणि लगेच वळून आईकडे बघायचा, तिने पाहिलं का म्हणून. हे दिसल्यावर माझी निम्मी काळजी उतरली. दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर मोबाइल सोडवून वाट बघत बसू नये. सरळ तपासायला न्यावं.

मोबाइल बंद करायला आम्ही फक्त जेवणं धरली. दिवसातून तीनदा पाऊण तास, म्हणजे सव्वादोन तास. पहिले तीन दिवस रडारड, जेवण निम्म्यावर. आजोबा म्हणाले, "पोराला उपाशी मारताय का?" चौथ्या दिवशी पोळीचा तुकडा त्याने स्वतः उचलला. सगळ्यात कठीण गेलं ते मोठ्यांना. एक तर सगळ्यांना परीक्षा घ्यायची सवय: हे काय? कलर कोणता? म्हटलं, विचारू नका, तो बघतोय त्याबद्दल एक वाक्य बोला आणि मनात पाचपर्यंत मोजा. त्याच्या वडिलांना पाच मोजणं जमेना, तिसऱ्यालाच हात फोनकडे जायचा. माझ्या मते मुलाच्या स्क्रीनइतकाच बापाचा फोन मोजायला हवा, आणि कुणी बघत नसताना हॉलमध्ये चालू असलेला टीव्हीसुद्धा.

एका दुपारी मी समोर होते. त्याने चमचा वाटीवर आपटला. वडील म्हणाले, "टण! वाटी वाजली." आणि थांबले. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. परत आपटला, म्हणाला, "ट." वडील: "टण! अजून वाजव." तो: "अजू." अशा सात फेऱ्या झाल्या, वरण गार झालं.

तीन महिन्यांनी माझ्याच अटीवर मोजले तर शब्द ३८ होते. दोन शब्द जोडलेलं पहिलं वाक्य होतं "आई आपो", अर्धं मराठी, अर्धं गुजराती. आजीला ते फारसं आवडलं नाही. मी मात्र ते पूर्ण वाक्य धरलं. यातलं किती आमच्यामुळे आणि किती वयामुळे, ते मला वेगळं काढता येणार नाही. थेरपी अजून चालू आहे, आठवड्यातून एकदा.

यादी सूनबाईने फ्रिजवर चिकटवून चालूच ठेवली आहे. परवा फोटो पाठवला. शेवटचा शब्द होता "खिकी", म्हणजे खिडकी, आणि त्याच्यापुढे तिच्या अक्षरात: स्वतःहून, दोनदा.