समुद्रतळावरच्या प्राण्यांना सूर्य लागतोच

सध्या फिरत असलेला मजकूर: «समुद्राच्या तळाशी, जिथे सूर्याचा एक किरणही पोचत नाही, तिथे ४०० अंशांच्या उकळत्या पाण्यात प्राणी राहतात. ते विषारी वायू खाऊन जगतात. त्यांचा सूर्याशी काहीच संबंध नाही. उद्या सूर्य विझला तरी त्यांना पत्ता लागणार नाही.»

तिथे अंधार असतो, एवढं बरोबर आहे. बाकीचं कुठे चुकतं हे कळायला आधी ते गरम पाणी येतं कुठून ते पाहू. समुद्रतळावर जिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, तिथे खडकाला भेगा पडतात. समुद्राचंच थंड पाणी या भेगांतून खाली झिरपतं आणि शिलारसाजवळ जाऊन तापतं. या प्रवासात त्यातला ऑक्सिजन संपतो. हायड्रोजन सल्फाइड, लोह, तांबं, जस्त असं बरंच काही मात्र त्यात विरघळतं. मग हे पाणी साडेतीनशे ते चारशे अंश सेल्सिअसला वर उसळतं. अडीच हजार मीटर खोलीवर हवेच्या सुमारे अडीचशे पट दाब असतो, म्हणून इतकं तापूनही ते उकळत नाही. बाहेरचं पाणी जेमतेम दोन अंशांचं असतं. दोन्हींची गाठ पडताच धातूंचे सल्फाइड कण बनून पाणी काळं होतं आणि तोंडाशी धुरांडं उभं राहू लागतं.

प्राणी या उसळत्या झोतात नसतात. झोत आणि समुद्राचं पाणी जिथे मिसळतं, त्या अरुंद पट्ट्यात ते राहतात. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळच्या समुद्रतळावर ‘अल्विन’ पाणबुडीतून हे प्राणी पहिल्यांदा दिसले, तेव्हा तिथल्या झऱ्यांचं पाणी फार तर कोमट होतं. साडेतीनशे अंशांच्या पुढचे काळे झोत १९७९ मध्ये, मेक्सिकोच्या पश्चिमेला सापडले. सगळ्यात नावाजलेला प्राणी म्हणजे रिफ्टिया हा महाकाय नळीकृमी. त्याच्या भोवतीचं पाणी साधारण दोन ते तीस अंशांच्या दरम्यान असतं. धुरांड्याच्या भिंतीला चिकटून राहणारा पॉम्पेई कृमी बराच जास्त उष्ण जागी असतो आणि तो ऐंशी अंश सोसतो असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०१३ मध्ये त्याला समुद्रतळाइतक्याच दाबाखाली ठेवून प्रयोग झाले, तेव्हा तो पन्नास-पंचावन्न अंशांतच मेला. आणखी ढळढळीत पुरावा एप्रिल १९९१ चा आहे. मेक्सिकोच्या पश्चिमेला समुद्रतळावर लाव्हा फुटला, तेव्हा तिथली नळीकृमींची वस्ती होरपळून गेली. पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना जळालेले कृमी पसरलेले दिसले.

आता खाण्याचं. रिफ्टिया माणसापेक्षा उंच होऊ शकतो, पण प्रौढ कृमीला तोंड नसतं, पोट नसतं, आतडंही नसतं. शरीराच्या आत एक मोठा स्पंजासारखा अवयव असतो आणि त्यात गंधकाचे स्फटिक सापडले होते. हार्वर्डमध्ये शिकत असलेल्या कॉलीन कॅव्हनॉ यांनी याबद्दल एका व्याख्यानात ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे जिवाणूंचं काम असणार. १९८१ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तो अवयव जिवाणूंनी खच्चून भरलेला असतो, आणि अन्न तयार करतात ते हे जिवाणू. हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून मिळालेल्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून सेंद्रिय पदार्थ बनवतात आणि त्यावर कृमी पोसला जातो. वायू हे प्राण्याचं अन्न नव्हे, ते जिवाणूंचं इंधन आहे. प्राण्याला स्वतःला तो विषारीच असतो. रिफ्टियाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन सल्फाइडला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून हा वायू पेशींचा श्वास न कोंडता जिवाणूंपर्यंत पोचतो.

सगळी गोम ‘ऑक्सिडीकरण’ या शब्दात आहे. इंधन जाळायला ऑक्सिजन लागतो आणि रिफ्टियाचं तेच हिमोग्लोबिन दुसऱ्या जागी ऑक्सिजनही वाहून नेतं. हा ऑक्सिजन येतो कुठून? झऱ्याच्या पाण्यात तो नसतो. असता तर सल्फाइडबरोबर टिकलाच नसता. तो बाहेरच्या थंड पाण्यातून येतो. ध्रुवांकडे समुद्राचं पृष्ठभागावरचं पाणी थंड आणि जड होऊन बुडतं, हवेतून घेतलेला ऑक्सिजन सोबत नेतं आणि शेकडो वर्षांच्या संथ प्रवासात जगभरच्या तळावर पसरतं. हवेतला तो ऑक्सिजन झाडांनी, शैवालांनी आणि सूक्ष्म हरितजीवांनी सूर्यप्रकाशात तयार केलेला असतो. म्हणजे रिफ्टियाच्या जेवणाचा एक घटक पृथ्वीच्या पोटातून येतो आणि दुसरा सूर्याकडून. म्हणूनच तो दोन पाण्यांच्या सीमेवर बसतो आणि आपला लाल पिसारा त्या मिश्रणात पसरतो. झोताच्या फार जवळ गेला तर भाजेल आणि ऑक्सिजन मिळणार नाही. फार दूर गेला तर सल्फाइड मिळणार नाही.

काही प्राण्यांचं नातं याहून थेट आहे. अशा झऱ्यांजवळच्या अनेक शिंपल्यांच्या अळ्या पाण्यात तरंगताना प्लवक खाऊन वाढतात. त्या अन्नसाखळीची सुरुवात वरच्या उजेडात झालेली असते.

मग सूर्य विझला तर? परिणाम लगेच दिसणार नाही, एवढं मान्य करायला हवं. खोल पाण्यातला ऑक्सिजनचा साठा मोठा आहे आणि तो हळूहळू वापरला जाईल. पण नवा ऑक्सिजन तयार होणं थांबलेलं असेल. साठा आटत गेला की सल्फाइडचा पुरवठा तसाच चालू असूनही जिवाणूंना तो जाळता येणार नाही, आणि कृमी व शिंपले उपाशी मरतील. श्वासालाही ऑक्सिजन हवाच.

सूर्याशिवाय खरोखर जगू शकणारे जीव तिथे आहेत, फक्त ते प्राणी नाहीत. खडकातून येणारा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव ऑक्सिजनविना जगतात. उलट ऑक्सिजन त्यांना बाधतो.

हा फरक पाहायला हिंदी महासागरातलं कैरेई क्षेत्र उत्तम आहे. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेवरचं हे ठिकाण २००० साली सापडलं. कैरेईतून मिळालेला एक मिथेनजनक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत मोठ्या दाबाखाली १२२ अंशांनाही वाढला. त्याच धुरांड्यांच्या आसपास एक गोगलगाय राहते, जिच्या पायावर लोह सल्फाइडचे खवले असतात. तिच्या अन्ननलिकेजवळच्या मोठ्या ग्रंथीत जिवाणू पोसलेले असतात, आणि त्यांच्यापर्यंत रक्तातून ऑक्सिजन पोचवण्यासाठी तिचं हृदय शरीराच्या सुमारे चार टक्के इतकं मोठं झालेलं आहे. सूर्य नसलेल्या जगात तो मिथेनजनक कदाचित टिकेल. गोगलगायीला मात्र त्या हृदयाने वाहून न्यायला ऑक्सिजनच उरणार नाही.