पंप आणि गोळी वेगळी धरा

"बाबांना दम्याचा पंप, आईला संधिवाताची स्टेरॉईडची गोळी. केनियाला जायचंय, पिवळ्या तापाची लस चालेल का?"

बाबांचा नेहमीचा पंप लसीच्या आड येत नाही, कारण त्यातलं औषध मुख्यतः फुफ्फुसातच राहतं. वय साठीच्या पुढे असेल तर मात्र केंद्रावर आवर्जून सांगा, पहिल्यांदाच ही लस घेताना त्या वयात धोका थोडा वाढतो.

आईचं प्रकरण वेगळं. ही जिवंत लस आहे, म्हणजे त्यातला विषाणू अशक्त केलेला असला तरी शरीरात वाढतो आणि त्याला आवरायला प्रतिकारशक्ती लागते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, सलग १४ दिवस झालं असेल तर जिवंत लस देत नाहीत. थांबवल्यावरही निदान महिनाभर जाऊ द्यावा लागतो. पण पाकीट उलटून नाव वाचा हो! मिथाइलप्रेडनिसोलोन असेल तर त्याचे १६ मिलिग्रॅम म्हणजेच प्रेडनिसोलोनचे २०. आमच्या केंद्रावर एका काकूंनी "सोळाचीच आहे" म्हणून सांगितलं आणि फॉर्मवर "कमी डोस" लिहिलं गेलं. सुदैवाने सुई टोचायच्या आधी डॉक्टरांनी पाकीट मागितलं.

सोबत मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं संधिवाताचं औषध असेल तर डोस कमी असला तरी संधिवाताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस नको. आणि लसीसाठी गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर रक्तदाब कोसळू शकतो. लस देता येत नसेल तर केंद्रावरून वैद्यकीय सवलतीचं पत्र मिळतं. तरीही परतताना विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात, ते धरूनच तिकिटं काढा.