पोस्टर बोर्डांचे नंबर

गेल्या महिन्यात वनस्पतिशास्त्राच्या एका परिषदेला गेले होते. ज्वारी दुष्काळात कशी तग धरते यावर तिथे सहा पोस्टर्स होती आणि मी मुख्यतः त्यांच्यासाठीच रजा टाकून गेले होते. सहापैकी दोनच नीट बघून झाली. तिसऱ्या बोर्डापाशी पोचले तर तिथली विद्यार्थिनी नव्हती. संध्याकाळी चहाला ती भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्ही आला होतात? माझी वेळ संपली म्हणून मी बाकीची पोस्टर्स बघायला गेले." चूक तिची नव्हती, माझीही नव्हती. बोर्डांचे नंबर ज्या पद्धतीने लावले होते, ती चुकली होती.

मांडणी अशी होती. हॉलमध्ये चोवीस पाठपोट स्टँड, आठ-आठच्या तीन रांगा, म्हणजे अठ्ठेचाळीस पोस्टर्सची जागा. वेळ दीड तास. पहिली पंचेचाळीस मिनिटं विषम नंबरवाल्यांनी बोर्डापाशी थांबायचं, पुढची पंचेचाळीस सम नंबरवाल्यांनी. सम-विषमची ही पद्धत मला मनापासून आवडते. सादर करणाऱ्यालाही इतरांचं काम बघता येतं आणि दोन चालू पोस्टर्सच्या मध्ये एक बोर्ड मोकळा राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांना उभं राहायला जागा मिळते.

पण इथे स्टँडच्या पुढच्या बाजूला १, मागच्या बाजूला २, शेजारच्या स्टँडला पुढे ३, मागे ४ असे नंबर दिले होते. याचा परिणाम डोळ्यांसमोर आणून बघा. सगळे विषम नंबर रांगेच्या एकाच तोंडाला आले. पहिल्या पाळीत प्रत्येक रांगेच्या पुढच्या बाजूला आठही पोस्टर्स एकाच वेळी चालू, खांद्याला खांदा लागलेला, आणि पाठीमागची बाजू ओस. चार फुटी बोर्डासमोर चार माणसं थांबली की शेजारच्या पोस्टरचा अर्धा भाग झाकतो. मधला मोकळा बोर्ड, ज्यासाठी सम-विषम करायचं, तोच नाहीसा झाला.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. शेतात नांगर वळतो तसे नंबर फिरवायचे. पहिल्या रांगेच्या पुढच्या बाजूला डावीकडून उजवीकडे १ ते ८, टोकाला वळसा घालून मागच्या बाजूने परत येत ९ ते १६, मग समोरच्या रांगेवर १७ पासून २४ पर्यंत, आणि असंच पुढे. आता गल्लीत १६ च्या समोर १७ येतो, १५ च्या समोर १८, १४ च्या समोर १९. कुठलीही जोडी घ्या, बेरीज ३३. म्हणजे समोरासमोरच्या दोघांत एक सम आणि एक विषम असणारच. एक बोर्ड चालू असेल तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि समोरचा, तिन्ही मोकळे. गर्दी आपोआप बुद्धिबळाच्या पटासारखी पसरते.

दुसरी गोष्ट विषयांची. तिथे गोषवारे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने नंबर दिले होते, म्हणून ज्वारीची सहा पोस्टर्स ५, ११, १९, २७, ३३ आणि ४२ वर विखुरली. त्यांतली पाच विषम, म्हणजे एकाच पाळीत. एका पोस्टरला नीट प्रश्न विचारायचे तर सहा-सात मिनिटं लागतात. त्यात गर्दीतून वाट काढत तीन रांगा पालथ्या घालायच्या! हीच सहा १७ ते २२ वर सलग लावली असती तर तीन पहिल्या पाळीत आली असती, तीन दुसऱ्या पाळीत. प्रत्येक पाळीत माझी वीस मिनिटं ज्वारीला आणि उरलेली बाकीच्यांना. शिवाय १७ वाली मुलगी दुसऱ्या पाळीत शेजारच्या १८ वाल्याशी बोलू शकली असती. एकाच पिकावर काम करणारी ही मुलं एरवी भेटणार कुठे? एकाच्या नावावर दोन पोस्टर्स असतील तर तीही अशीच शेजारी ठेवावीत, एक सम, एक विषम.

सोसायटी फॉर न्यूरोसायन्सच्या वार्षिक अधिवेशनात पोस्टर चार तास लावलेलं असतं, पण सादर करणाऱ्याने बोर्डापाशी थांबायचा एक तास ठरवून दिलेला असतो. तो आधी कळतो म्हणून बघणारा घरूनच आपली फेरी आखून येतो. आपल्याकडे बोर्ड नंबर बऱ्याचदा नोंदणीच्या टेबलावर, सकाळी, चिठ्ठीवर कळतो. पुस्तिकेत गोषवाऱ्याचा नंबर वेगळा आणि बोर्डाचा वेगळा. हे दोन्ही नंबर एकच ठेवून यादी चार दिवस आधी पाठवा, एवढीच आयोजकांना माझी कळकळीची विनंती.

आणि एकदा नंबर छापला की तो हलवू नका. त्या दिवशी ९ नंबरवाला आला नाही, म्हणून बोर्ड ओका दिसू नये या हेतूने कुणीतरी पुढची सगळी पोस्टर्स एकेक घर मागे सरकवली. १० वालं पोस्टर ९ वर गेलं, ११ वालं १० वर, आणि पुस्तिकेत खुणा करून आलेली माणसं प्रत्येक बोर्डासमोर थबकून शीर्षक वाचू लागली. विषम नंबरवाली मुलं सम बोर्डावर उभी, आपली पाळी कुठली हे त्यांनाही कळेना. माझी चहावाली विद्यार्थिनी यातच सापडली. तिचा नंबर १९, पण पोस्टर १८ वर लागलेलं, म्हणून ती दुसऱ्या पाळीची वाट बघत बसली. स्वयंसेवकाने तिला सांगितलं, छापील नंबरच धरायचा, तेव्हा पहिल्या पाळीची दहा मिनिटं उरली होती. ९ नंबरच्या बोर्डावर "सादरकर्ता अनुपस्थित" एवढी चिठ्ठी टाचणीने लावली असती, तरी पुरलं असतं.