गव्हाणीतलं घुबड आणि ट्रॉलीतलं नाणं

“भाऊ, तू तिकडे जर्मनीत रायतो तं सांग बरं. शाळेच्या वाचनालयाच्या भिंतीवर चश्मा लावलेलं घुबड काढलं, तं लोक भांडून रायले. तुमच्याकडे खरंच घुबडाले शहाणं समजतात का?”

समजतात. माझ्या मुलीच्या कितामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, तिचा गटच ‘घुबडं’ आहे. दप्तरावर घुबड, खुंटीवर घुबड, दुपारच्या झोपेच्या चादरीवरही घुबड. गेल्या शनिवारी सुपरमार्केटची ट्रॉली सुटावी म्हणून तिच्यात घालायला खिशातून युरो काढला, तर तो ग्रीसचा निघाला आणि त्याच्यावरही घुबडच होतं. अथेन्सच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यावरून जसंच्या तसं उचललेलं. अथेना ही विद्येची देवी आणि हा तिचा पक्षी. ट्रॉली ढकलत मी गावच्या ग्रुपवर नाण्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘जग कुठं चाललंय आणि आपण कुठं.’

हे लिहायला नको होतं, पण तेव्हा राग आला होता. दर्यापूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत मला जाड भिंगाच्या चश्म्यामुळे सातवीपर्यंत ‘घुबड्या’ म्हणायचे. त्यामुळे भिंतीवरच्या चश्मेवाल्या घुबडावर चुना मारावा असं कोणी म्हटलं की ते मला अंगावर आल्यासारखं वाटतं.

ग्रुपवर पहिलं उत्तर आलं ते काकूचं. “आमच्या लिंबावर घुबड बसलं अन् आठ दिवसात बैल मेला.” यावर काय बोलणार? दुसरा म्हणाला, “पण ते तं लक्ष्मीचं वाहन हाये.” त्याचं अर्धं बरोबर आहे. बंगालात पांढऱ्या तोंडाच्या घुबडाला लक्ष्मीचं घुबड म्हणतात आणि ते घराजवळ दिसलं तर शुभ मानतात. आमच्याकडे मात्र लक्ष्मी कॅलेंडरवर आणि घुबड शिवीत. वर शिव्याही दोन आहेत. मराठीत घुबड म्हणजे अपशकुनी तोंडाचा, आणि नागपूरकडून आलेल्या हिंदीत उल्लू म्हणजे मूर्ख. आमचा माणूस सकाळी कोणाला घुबड म्हणतो आणि संध्याकाळी ‘मले उल्लू बनवलं’ म्हणतो. पक्षी तोच, पण आरोप जुळत नाहीत.

वनखात्यातून निवृत्त झालेले एक मामा ग्रुपवर आहेत. वर्षात चार ओळी लिहितात. त्यांनी नाण्याचा फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, “हे घुबड नाही. हा पिंगळा आहे.”

मी पुन्हा पाहिलं. आखूड अंग, सपाट डोकं, मोठाले डोळे. खरंच पिंगळा. नाण्यावरचा पक्षी आणि आपल्या लिंबाच्या ढोलीतला ठिपकेवाला पिंगळा एकाच वंशातले, आणि त्या वंशाचं शास्त्रीय नाव आहे अथेनी. मेळघाटातला रानपिंगळाही त्यांचाच जवळचा भाऊ. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नव्हता, नामशेष झाला असंच धरलं होतं. १९९७ साली तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही. मामांनी तिथं उन्हात बसलेला पाहिलाय. हा भाऊ दिवसाही हिंडतो.

इथं माझा वाद फिरला. इंग्रजीत आणि इथं जर्मनांच्या चित्रांतही सगळ्यांना एकच टोपी घालतात. आमच्या लोकांनी दोन वेगळे शब्द ठेवले. पिंगळा बोलला तर पुढचं सांगतो, म्हणून पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत दारात येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही पिंगळाच म्हणायचे. आजी त्याला सुपातून ज्वारी घालायची. म्हणजे जाणता पक्षी आमच्याकडेही होताच, अथेन्सहून आणायची गरज नव्हती. शिवी मिळाली ती दुसऱ्याला.

त्या दुसऱ्याचं नाव बघा, गव्हाणी घुबड. गोठ्यातल्या गव्हाणीवर, धाब्याच्या सांदीत राहणारं, पानासारख्या पांढऱ्या तोंडाचं. उडताना आवाज नाही, आणि ओरडतं ते माणूस किंचाळल्यासारखं. त्याच्याबद्दल ऐकत आलो ते हे की त्याला दगड मारू नये. ते दगड उचलून नाल्यात टाकतं, आणि दगड झिजतो तसा माणूस झिजतो. मला वाटतं या भीतीनं गावातली घुबडं दगडांपासून वाचली असतील.

आता इथली गोष्ट. ओल्डेनबर्गजवळच्या आमच्या खेड्यात जुन्या धान्याच्या कोठारांच्या त्रिकोणी भिंतीत, अगदी वर, एक भोक असतं. घुबडानं आत यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकरीणबाईंनी मला त्यांच्या कोठाराच्या फळीखाली पडलेल्या गोळ्या दाखवल्या. अंगठ्याएवढ्या, काळ्या, वार्निश मारल्यासारख्या चकचकीत. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडं अशी तोंडावाटे परत टाकतं. मुलीनं एक गोळी कोमट पाण्यात भिजवून टाचणीनं उकलली, तर तीन कवट्या निघाल्या. दोन शेतातल्या उंदरांच्या आणि तिसरी चिचुंद्रीसारखी, दातांची टोकं लालसर असलेली.

मी ऐटीत बाईंना म्हणालो, “आमच्याकडे याला अपशकुनी समजतात.” त्या हसल्या. त्यांना वाटलं मी त्यांच्या नवऱ्याबद्दल विचारतोय. त्याला सगळे ‘काउत्स’ म्हणायचे, म्हणजे पिंगळाच, अर्थ विक्षिप्त माणूस. त्यावर दहा मिनिटं गेली. मग सांगितलं की जुन्या काळी वीज पडू नये म्हणून इथले लोक कोठाराच्या दारावर घुबड खिळ्यांनी ठोकायचे. कोठार तेच, वर भोक आणि खाली खिळे. आणि पिंगळा ओरडला की ‘कोम मित’, चल माझ्याबरोबर, असं ऐकू यायचं. आजाऱ्याच्या खोलीतच रात्रभर दिवा जळायचा, दिव्याला किडे यायचे आणि किड्यांमागे पिंगळा. सकाळी आजारी माणूस गेलेला असला की दोष पक्ष्यावर.

म्हणजे काकूचा बैल इथंही मेला होता. फक्त इथं आता रात्री खोलीत कोणी दिवा लावून जागत नाही, मरायला लोक दवाखान्यात जातात आणि घुबड चादरीवर उरलंय.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. मामांनी मात्र कामाचं लिहिलं. हरभऱ्यात उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन नावाचं विष ठेवतात. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त होऊन बिळाबाहेर रेंगाळतो, तोच घुबडाला सहज सापडतो आणि विष घुबडात जातं. गोठ्यात गोळ्या दिसायच्या बंद झाल्या की समजायचं. भिंतीवर काढायचं की नाही त्यावर भांडा, पण आधी बांधावर उभी दांडी रोवा, त्याला बसायला जागा द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यावर कोणी पसंतीचा अंगठाही टाकला नाही. चुलतभावानं रात्री कळवलं की घुबडावर चुना मारला, पण चश्मा अजून दिसतो.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल होता. तिला मी किताच्या गटाचं नाव ‘चिमण्या’ सांगितलं होतं, दोन वर्षांपासून. उगाच तिला वाईट वाटायला नको म्हणून, निदान मी स्वतःला तसं सांगायचो. मुलीनं दप्तर कॅमेऱ्यासमोर धरलं आणि हू हू करून दाखवलं. आई चश्मा कपाळावर सरकवून जवळ आली.

“हा तं पिंगया हाये. आपल्या लिंबावर रायते ना, तोच.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तू चिमण्या कायले सांगितलं मले?”