बाटली उलटी खोचली म्हणजे झाडांची सोय झाली, असं कृपा करून कुणाला सांगू नका

आज सकाळपासून तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा समोर आला. बाटलीच्या झाकणाला भोक पाडा, कुंडीत उलटी खोचा, दोन आठवडे निर्धास्त जा. खाली शेकडो बदाम. माझं डोकं फिरलंय, कारण असंच बघून गावाला गेलेल्या आमच्या वहिनीची पीस लिली परत आल्यावर मी पाहिली आहे. पानं कुंडीच्या काठावर लोळत होती, बाटली रिकामी आणि खालच्या ताटलीत पाण्याचा वाळलेला डाग. म्हणजे पाणी पहिल्या रात्रीतच वाहून गेलं होतं.

का गेलं, ते कुणी सांगतच नाही. बाटलीतलं पाणी थांबतं ते तोंडाभोवतीची ओली माती हवा आत जाऊ देत नाही म्हणून. माती सुकली की बुडबुडा आत जातो आणि थोडं पाणी बाहेर येतं. कल्पना छानच आहे. पण घरातल्या कुंड्यांत आपण भरतो भुसभुशीत कोकोपीट. त्यातून हवा सतत आत जात राहते आणि अख्खी बाटली काही तासांत मोकळी होते. उलट चिकट माती असेल तर भोक चिखलानं बुजतं आणि थेंबही उतरत नाही. भाजक्या मातीची टोकदार नळी लावून बाटली खोचली तर बरं चालतं, हे मान्य. पण व्हिडिओत ती कुठे असते?

त्यापेक्षा वात लावा, म्हणजे पाणी शोषून मातीपर्यंत नेणारा दोरा, आणि तीही खालून. बहुतेक जण शेजारी पाण्याची बरणी ठेवून दोऱ्याचं टोक वरून मातीत खुपसतात. बरणीतलं पाणी मातीतल्या टोकापेक्षा उंचावर असेल तर वात ते नळीसारखं ओढत राहते आणि कुंडीचा चिखल होतो. मुळं कुजायला दोन आठवडे पुष्कळ झाले.

वहिनीची लिली वाचली (सगळी सुकलेली पानं कापली, गड्ड्यातून नवी फुटली), आणि पुढच्या खेपेला आम्ही दोघींनी नीट बसून केलं. आधी तिला रोज लागतं किती ते काढलं. भरपूर पाणी घालून, निथळल्यावर कुंडी वजनकाट्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. ६० ग्रॅम कमी, म्हणजे ६० मिली पाणी. चौदा दिवसांचे ८४० मिली होतात, वर निम्मं जास्तीचं धरून सव्वा लिटर. बाटली घेतली नाही, झाकण असलेला पसरट डबा घेतला. उंच बाटलीत पाणी खाली जाईल तसं वातीला जास्त उंच चढावं लागतं, आणि वीतभर चढल्यावर ती दमते. पसरट डब्यात पातळी फारशी उतरत नाही.

वात अ‍ॅक्रिलिक लोकरीची, दोन पदरी. सुती दोरा ओला राहून कुजतो. दोन आठवडे निभावेल म्हणा, पण नंतर आपण तो काढत नाही आणि तो कुंडीतच राहतो. कोणताही दोरा आधी रंगीत पाण्यात एक टोक बुडवून लोंबता ठेवा, रंग वर चढत नसेल तर टाकून द्या. मग विणकामाच्या सुईनं ती वात तळाच्या भोकातून कुंडीच्या मध्यापर्यंत सारली, झाकणाला पाडलेल्या भोकातून डब्यात सोडली आणि कुंडी झाकणावरच बसवली. वात उघडी राहत नाही, डास होत नाहीत. एक गोष्ट विसरू नका: वात आणि माती दोन्ही आधी पूर्ण भिजलेली हवीत. कोरडं कोकोपीट वातीतलं पाणी नीट ओढून घेत नाही, वात मग बिचारी नुसती लोंबत राहते.

आणि निघायच्या आदल्या रात्री हे करू नका गं, राग त्याचाच येतो! निदान पाच दिवस आधी लावा. डब्यावर पेनानं पातळी आखा. पातळी हलत नसेल आणि बोट मातीत घातल्यावर कोरडं लागत असेल तर वात मातीला टेकलेली नाही, सुईनं अजून आत सारा. कुंडी जड आणि माती पिचपिचीत असेल तर एक पदर काढा. पदर काढल्यावर वहिनीची लिली नेमकी जमली. परत आल्यावर डब्यात पाणी शिल्लक होतं आणि एक नवं पान उलगडत होतं. तिनं मला फोन लावून नुसतं ते पानच दाखवलं.

जाताना कुंड्या खिडकीच्या उन्हातून थोड्या आत सरकवा, म्हणजे पाणी कमी लागेल. पण अंधाऱ्या कोपऱ्यात कोंबू नका. स्नेक प्लांट आणि झीझीला यातलं काहीच करू नका. त्यांना दोन आठवडे कोरडं राहणं मानवतं, वातीनं उलट सडतील.

कुणाला तळाच्या भोकातून वात आत जात नसेल तर कुंडीच्या खालच्या बाजूचा फोटो कमेंटमध्ये टाका. आज रात्री बसून सगळ्यांना उत्तरं देते.